ॲव्हरेज एफपीएस वाढला तरी गेम अडखळतो, तेव्हा १% लो बघायचा तो का

प्रश्न: ग्राफिक्स कार्ड बदललं. त्याच गेममध्ये त्याच सेटिंगला आधी ॲव्हरेज ७८ यायचा, आता ११२ येतो. पण शहरातून गाडी चालवताना गेम आधीपेक्षा जास्त अडखळतोय असं वाटतं. १% लो आधी ४१ होता, आता ३८ आहे. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, प्रोसेसर जुनाच, रॅम १६ जीबीची एकच स्टिक. सगळे १% लो १% लो करतात ते का, ॲव्हरेज पुरेसा नाही का?

उत्तर:

तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे आणि ते तुमच्याच आकड्यांत दिसतंय. मी गेमचं परफॉर्मन्स टेस्टिंग करतो, रोजचं काम हेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम निघाल्या तो आकडा, बाजूला ठेवा आणि फ्रेम टाइम बघा, म्हणजे एक फ्रेम निघून पुढची यायला किती मिलिसेकंद लागले ते. हिशोब सोपा आहे, १००० ला एफपीएसने भागायचं. ११२ म्हणजे एका फ्रेमला साधारण ८.९ मिलिसेकंद, ३८ म्हणजे २६.३. तुमच्या डोळ्यांपुढे खरं तर हे मिलिसेकंदच घडत असतात, एफपीएस हा नंतर काढलेला आकडा.

आता समजा तुम्ही एक मिनिटभर गाडी चालवून हे मोजलंय. ११२ च्या ॲव्हरेजने ६० सेकंदांत ६,७२० फ्रेम झाल्या. १% लो निघतो तो त्यातल्या सगळ्यात हळू एक टक्क्यावरून, म्हणजे इथे ६७ फ्रेम, आणि त्यांचा सरासरी वेळ २६.३ मिलिसेकंद. ६७ गुणिले २६.३ केलं तर पावणेदोन सेकंदांच्या आसपास येतं. म्हणजे पूर्ण मिनिटात ज्या फ्रेमनी तुमचा मूड घालवला त्या सगळ्या मिळून पावणेदोन सेकंदच होत्या, बाकीचे सव्वा अठ्ठावन्न सेकंद गेम मस्त पळत होता.

इथेच खरी गंमत आहे. त्या ६७ फ्रेम जादूने काढून टाकल्या असं धरा. उरल्या ६,६५३ फ्रेम, सव्वा अठ्ठावन्न सेकंदांत. त्यांचा ॲव्हरेज काढा, ११४ येतो. म्हणजे तुमचा सगळा त्रास, सगळे झटके, हे ॲव्हरेजच्या भाषेत फक्त २ एफपीएस आहेत! ११२ आणि ११४ मध्ये कोणाला काय फरक दिसणार, आणि कोणी दोन कार्डांचा चार्ट बघून म्हणेल का की ११२ वालं अडखळतं. आकडा चुकीचा नाहीये, त्याला विचारलेलं काम वेगळं आहे. एका मिनिटात एकूण किती फ्रेम निघाल्या एवढंच तो सांगतो, त्या कशा वाटल्या गेल्या हे त्याला माहीतच नसतं.

आणि तो हळू फ्रेमच्या बाबतीत एवढा बेफिकीर का, तर मोजणी फ्रेमची होते, वेळेची नाही. जिथे गेम जोरात पळतो तिथे फ्रेमही जास्त निघतात, म्हणजे चांगल्या वेळेला आपोआप जास्त मतं मिळतात. तुम्ही अर्धा मिनिट भिंतीकडे बघत उभे राहिलात आणि १८० मिळाले, आणि अर्धा मिनिट चौकातल्या गर्दीत ४० मिळाले, तर ॲव्हरेज ११० येणार. त्या ११० ने तुम्ही प्रत्यक्षात एक सेकंदही खेळलेला नाहीत.

डोळ्याला मात्र झटका लगेच का कळतो ते बघू. गाडी वळवताना समजा समोरची इमारत स्क्रीनवरून सेकंदाला २,००० पिक्सेलच्या वेगाने सरकतेय. ८.९ मिलिसेकंदाला एक फ्रेम असेल तर ती दर वेळी १८ पिक्सेल पुढे जाते, १८, १८, १८ अशी, आणि डोळा तिच्या मागे मागे जातो, त्याला ठेका मिळालेला असतो. मध्येच एक फ्रेम २६ मिलिसेकंदांची आली की इमारत जागच्या जागी थांबते आणि मग एकदम ५२ पिक्सेल उडी मारते. ठेका चुकला. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर पडदा दर ६.९ मिलिसेकंदांनी रिफ्रेश होतो, म्हणजे तेच चित्र लागोपाठ चार वेळा दाखवलं गेलं आणि मग पुढचं आलं. शिवाय २६.३ हा त्या ६७ फ्रेमचा सरासरी आकडा आहे, त्यातल्या बऱ्याच १६-१८ च्या असतील आणि थोड्या ५०-६० च्या. ६० वाली फ्रेम म्हणजे १२० पिक्सेलची उडी. त्या चार-पाचच तुमच्या लक्षात राहतात. उलट ८.९ ची फ्रेम ८.४ झाली तर १८ च्या जागी १७ पिक्सेल, हे कोणालाही दिसत नाही, पण ॲव्हरेजमध्ये ११२ चे ११९ होतात आणि चार्टवर पट्टी लांब दिसते.

हातालाही तेच जाणवतं. माऊस किंवा स्टिअरिंगचं इनपुट गेम साधारणपणे फ्रेमच्या सुरुवातीला वाचतो, त्यामुळे ६० मिलिसेकंदांच्या फ्रेमच्या मध्यावर तुम्ही वळलात तर ते वळण पुढची फ्रेम सुरू होईपर्यंत ताटकळत बसतं. लोक याला गाडी जड झाली म्हणतात.

आता "आधीपेक्षा जास्त अडखळतोय" याबद्दल. जुन्या कार्डवर नेहमीची फ्रेम १२.८ मिलिसेकंदांची होती आणि हळू फ्रेम २४.४ ची, म्हणजे दुपटीपेक्षा थोडी कमी. नव्यावर नेहमीची ८.९ आणि हळू २६.३, जवळजवळ तिप्पट. हळू फ्रेम जवळजवळ तेवढ्याच हळू राहिल्या, त्यांच्या आजूबाजूच्या फ्रेम मात्र जलद झाल्या, म्हणून झटका उठून दिसायला लागला. म्हणूनच मी कधीही १% लो एकटा बघत नाही, ॲव्हरेजच्या शेजारी ठेवून बघतो. माझा अंदाजपंचे नियम असा की लो हा ॲव्हरेजच्या दोन तृतीयांशच्या वर असेल तर बहुतेक वेळा गेम गुळगुळीत वाटतो, निम्म्याच्या खाली गेला की फ्रेम टाइमचा ग्राफ उघडून बघायलाच हवा. तुमचं आधी निम्म्याला जेमतेम वर होतं, आता एक तृतीयांशावर आलंय.

बरं मग सरळ मिनिमम एफपीएस का नको, असं पुढे कोणीतरी विचारतंच. कारण मिनिमम म्हणजे एक फ्रेम. ऑटोसेव्ह झाला, विंडोजने मागे काहीतरी चालू केलं, एक फ्रेम १५० मिलिसेकंदांची झाली, मिनिमम ७ दिसला, आणि पुढच्या रनला तो २९ येतो. त्यावर काही ठरवता येत नाही. एक टक्का म्हणजे तुमच्या केसमध्ये ६७ फ्रेम, एवढ्या फ्रेम असल्या की एखाददुसऱ्या अपघाताने आकडा फार हलत नाही आणि तरीही तो वाईट क्षणांबद्दलच बोलतो. ०.१% लो वापरायचा तर लांब रन पाहिजे, मिनिटभराच्या रनमध्ये ०.१% म्हणजे सहा-सात फ्रेम, तो परत मिनिममसारखाच नाचायला लागतो.

फ्रेम टाइम मोजून पर्सेंटाइल काढायची ही पद्धत बेंचमार्किंगमध्ये रुजली ती २०११ पासून. टेक रिपोर्ट या हार्डवेअर वेबसाइटच्या स्कॉट वॉसन यांनी तेव्हा प्रत्येक सेकंदाच्या आत काय चाललंय ते मोजून दाखवलं आणि ९९ वं पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव फ्रेम ज्या वेळेच्या आत निघतात तो वेळ, वापरायला सुरुवात केली. त्याआधी सगळीकडे ॲव्हरेज आणि फार तर मिनिमम.

कोपऱ्यातल्या एफपीएस काउंटरवर पण एक शब्द. तो बहुतेक करून अर्ध्या किंवा एक सेकंदाची सरासरी दाखवतो. समजा दर सेकंदाला ९ मिलिसेकंदांच्या १०० फ्रेम येतात आणि मग एकच फ्रेम १०० मिलिसेकंदांची. बेरीज बरोबर एक सेकंद, फ्रेम १०१. काउंटर मिनिटभर स्थिर १०१ दाखवेल, हलणारसुद्धा नाही, आणि गेम दर सेकंदाला गचका देत असेल. "माझा एफपीएस तर एकदम स्टेबल आहे" म्हणणारे आणि तरी वैतागलेले लोक मला भेटतात त्यातले बरेच या काउंटरवर भरवसा ठेवून असतात.

हेच उदाहरण पुढे न्यायचंय, कारण १% लो हा एकच आकडा नाही, वेगवेगळी टूल्स तो वेगवेगळा काढतात, आणि दोन ठिकाणचे लो शेजारी ठेवून लोक भांडत बसतात. एक पद्धत अशी की सगळ्या फ्रेम हळू ते जलद अशा लावायच्या, वरच्या एक टक्क्याची सरासरी घ्यायची. दुसरी अशी की एक टक्का जिथे संपतो त्या सीमेवरची एकच फ्रेम घ्यायची, म्हणजे ९९ वं पर्सेंटाइल, `CapFrameX` या टूलमध्ये याला `P1` म्हणतात. आता आपल्या उदाहरणात मिनिटाला ६,०६० फ्रेम, त्यात १०० मिलिसेकंदवाल्या ६०. एक टक्का म्हणजे ६० आणि थोडं. पहिल्या पद्धतीने त्या ६० च्या ६० सरासरीत येतात आणि १% लो येतो १०. दुसऱ्या पद्धतीने सीमारेषा त्या साठाव्या फ्रेमच्या जेमतेम पलीकडे पडते, तिथे ९ मिलिसेकंदांची फ्रेम उभी आहे, आणि उत्तर येतं १११. तोच रन, तोच त्रास, एक टूल म्हणतं १० आणि दुसरं म्हणतं १११! एवढा टोकाचा प्रकार क्वचित होतो, पण कमी प्रमाणात रोज होतो.

तिसरी पद्धत वेळेवरून जाते. हळू फ्रेम एकेक करून वेळेची बेरीज करत जायचं, एकूण वेळेचा एक टक्का, म्हणजे ६० सेकंदांतले ०.६ सेकंद भरले की थांबायचं आणि तिथली फ्रेम वाचायची. `CapFrameX` मध्ये ही इंटिग्रल नावाने मिळते. इथे सहा फ्रेममध्येच ०.६ सेकंद भरतात आणि उत्तर १० येतं. मला व्यक्तिशः ही आवडते, कारण झटके तेवढेच राहून नुसता एफपीएस वाढला तर इथे आकडा उगाच सुधारत नाही. फ्रेमच्या संख्येवरून काढलेल्या लोमध्ये ती अडचण आहे, २०० एफपीएसला एक टक्का म्हणजे सेकंदाला दोन फ्रेम, ५० एफपीएसला दोन सेकंदांत एक. फ्रेम जनरेशन चालू असेल तर हाच गोंधळ मोठा होतो, मधे घातलेल्या फ्रेमही मोजल्या जातात आणि झटक्यांचा टक्का पातळ होतो. म्हणून तुलना करताना ते बंद ठेवा, किंवा दोन्हीकडे चालू ठेवा.

स्वतः पडताळायचं असेल तर `PresentMon` किंवा `CapFrameX` ने रन रेकॉर्ड करा, फाइलमधला `MsBetweenPresents` हा कॉलम, `PresentMon` च्या काही आवृत्त्यांत त्याचं नाव `FrameTime` असतं, कॉपी करून फक्त आकडे `ft.txt` मध्ये टाका, एका ओळीत एक, आणि हे चालवा:

```python
ft = sorted((float(x) for x in open("ft.txt")), reverse=True)
n = max(1, len(ft) // 100)
print("avg   ", 1000 * len(ft) / sum(ft))
print("1% low", 1000 * n / sum(ft[:n]))
print("p99   ", 1000 / ft[n])
```

`1% low` आणि `p99` मध्ये खूप अंतर दिसलं तर समजायचं की झटके थोडे आहेत पण मोठे आहेत. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर झटके मध्यम आहेत आणि सगळीकडे पसरलेले आहेत. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आता तुमच्या मशीनकडे येतो. तुम्ही न मागता एक फार चांगला प्रयोग करून ठेवलाय. फक्त कार्ड बदललं, ॲव्हरेज ७८ वरून ११२ वर गेला, १% लो जागचा हलला नाही. ४१ आणि ३८ हा फरक मी फरक धरत नाही, रन टू रन तेवढं इकडे तिकडे होतं. याचा सरळ अर्थ असा की नेहमीच्या फ्रेम कार्डमुळे अडत होत्या, त्या सुटल्या, पण हळू फ्रेम बहुतेक आधीही कार्डमुळे हळू नव्हत्या आणि आताही नाहीत. त्यांचं कारण दुसरीकडे असणार, प्रोसेसर, रॅम, शेडर, म्हणजे कार्डवर चालणारे चित्र काढायचे छोटे प्रोग्राम, कंपाइल होणं किंवा डिस्कवरून डेटा येणं यांपैकी कुठेतरी. ॲव्हरेजवरून हे कधीच कळलं नसतं, उलट ३४ एफपीएस वाढले म्हणून तुम्ही खूश होऊन बसला असता.

नक्की कुठे ते शोधायला पहिल्यांदा एकच रस्ता, एकाच वेगाने, गेम बंद न करता लागोपाठ दोनदा चालवा आणि दोन्हींचा फ्रेम टाइम ग्राफ शेजारी ठेवा. दुसऱ्या फेरीत सुळके गायब झाले तर ते बहुतेक शेडर कंपाइलचे होते. नवीन कार्ड टाकलं की जुनी शेडर कॅश उपयोगाची राहत नाही, ती सगळी नव्याने बनते, आणि जे गेम लोडिंगच्या वेळी शेडर तयार करून ठेवत नाहीत ते मग खेळताना करतात, नवा इफेक्ट किंवा नवं मटेरियल पहिल्यांदा दिसलं की गचका. डायरेक्टएक्स १२ चे बरेच गेम यात अडकतात. असं असेल तर काही विकत घ्यायची गरज नाही, काही तास खेळून हे आपोआप कमी होतं. फक्त ड्रायव्हर अपडेट केला की पुन्हा एकदा होईल, तेव्हा घाबरू नका.

सुळके दोन्ही फेऱ्यांत रस्त्याच्या त्याच त्याच ठिकाणी आले, म्हणजे तोच पूल ओलांडला की, तोच चौक आला की, तर गेम शहराचा पुढचा तुकडा मेमरीत आणतोय. यात प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळ्यांचा हात असतो आणि थोडा दोष इंजिनचाही असतो, तो तुमच्या हातात नाही. गेम हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडीवर हलवा, बाकी सगळं त्यानंतर.

दोन्ही फेऱ्यांत सुळके सगळीकडे पसरलेले असतील, गर्दीत जास्त आणि मोकळ्या रस्त्यावर कमी, तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय. माझा संशय तुमच्या बाबतीत इकडे जास्त आहे, त्या एका स्टिकमुळे. एक स्टिक म्हणजे रॅम सिंगल चॅनेलमध्ये चालते, बँडविड्थ दोन स्टिकच्या निम्मी. शहर, ट्रॅफिक, पादचारी अशा गेममध्ये प्रोसेसर सतत रॅममधून काहीतरी ओढत असतो, आणि तिथे तो वाट बघत बसला की सगळ्यात आधी हळू फ्रेम आणखी हळू होतात, ॲव्हरेज त्यामानाने कमी हलतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे का तेही बघून घ्या, बंद असेल तर रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालतच नाहीये, आणि हे तर फुकटात होणारं काम आहे.

संशयावर खर्च करण्याआधी खात्री करायचे दोन मार्ग आहेत. एक, रेझोल्यूशन एकदम खाली आणा, ७२० पी करा. ॲव्हरेज वर गेला आणि १% लो तिथेच राहिला तर बहुतेक कार्डचा संबंध नाही. दुसरा मार्ग जास्त नेमका आहे. `PresentMon` प्रत्येक फ्रेमसाठी फ्रेम टाइमबरोबर `GPU Busy` पण देतो, म्हणजे त्या फ्रेममध्ये कार्ड प्रत्यक्ष किती वेळ कामात होतं ते. एखाद्या सुळक्यावर जा. फ्रेम टाइम ५५ मिलिसेकंद आणि `GPU Busy` ८ असं दिसलं तर कार्ड आपलं काम ८ मध्ये उरकून बाकी वेळ रिकामं बसलं होतं, ते वाट बघत होतं. दोन्ही आकडे ५० च्या आसपास असतील तर मात्र कार्डच अडकलंय, आणि मग व्हीआरॅम भरली का ते बघायचं. ती भरली की टेक्श्चर मुख्य मेमरीतून पीसीआय एक्स्प्रेसवरून ये-जा करायला लागतात आणि तो रस्ता कार्डच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा कितीतरी अरुंद असतो. टेक्श्चर क्वालिटी एक पायरी खाली करून बघा, व्हीआरॅमचा प्रश्न असेल तर १% लो लगेच वर येतो आणि ॲव्हरेज जवळजवळ तसाच राहतो.

एफपीएस कॅप लावण्याबद्दल बरेच जण सांगतील, आणि बहुतेक वेळा सल्ला चांगला असतो. तुम्ही ८० ला कॅप लावलात तर नेहमीची फ्रेम १२.५ मिलिसेकंदांची होईल, हळू फ्रेम २६ चीच राहिली तरी दोघांतलं अंतर दुपटीच्या आसपास येईल, म्हणजे झटका जुन्या कार्डइतकाच दिसेल. प्रोसेसरलाही दर फ्रेमला थोडी उसंत मिळते, त्यामुळे काही वेळा लो स्वतःही थोडा वाढतो. ॲव्हरेज ११२ वरून ८० वर आला आणि गेम जास्त गुळगुळीत वाटला, हे ऐकायला उलटं वाटतं पण करून बघा. शेडर कंपाइलच्या ५०-१०० मिलिसेकंदांच्या गचक्यावर मात्र कॅपचा काहीही उपयोग होत नाही.

फ्रीसिंक किंवा जी-सिंकचंही तसंच. ९ ची फ्रेम १२ झाली, १४ झाली, एवढं ते छान झाकतात कारण मॉनिटर फ्रेमची वाट बघतो. ६० ची फ्रेम आली तर चित्र ६० मिलिसेकंद थांबणारच. आणि ज्याच्याकडे साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर आणि व्ही-सिंक आहे त्याला तर १% लो आणखी महत्त्वाचा, तिथे १६.७ ऐवजी १७.५ मिलिसेकंद लागले तरी फ्रेमची गाडी चुकते आणि ती ३३.३ लाच दिसते. अशा माणसासाठी ९० ॲव्हरेज आणि ५५ लो यापेक्षा ७५ ॲव्हरेज आणि ६४ लो केव्हाही चांगला.

१% लो ला एक गोष्ट मात्र दिसत नाही, ती म्हणजे क्रम. एका गेममध्ये फ्रेम ८, २४, ८, २४ अशा आलटून पालटून येतात, दुसऱ्यात आधी अर्धा मिनिट ८ च्या आणि मग हळूहळू वाढत जाऊन तेवढ्याच फ्रेम २४ च्या. १% लो दोन्हींचा ४२ च्या आसपास येईल. पहिला गेम सतत थरथरल्यासारखा वाटतो, दोन कार्ड जोडून फ्रेम वाटून घ्यायची पद्धत होती तेव्हा हे नेहमीचं दुखणं होतं. दुसरा गेम मात्र गुळगुळीत वाटतो, फक्त शेवटी जरा जड. म्हणून आकड्याने शंका आली की ग्राफ बघायचा, आकडा फक्त कुठे बघायचं ते दाखवतो. तसंच पूर्ण रनवर हळू फ्रेम पसरल्या आहेत की एकाच दोन सेकंदांत गोळा झाल्या आहेत हेही ग्राफवरच कळतं, आणि गोळा झालेल्या असतील तर बऱ्याचदा ते नुसतं लोडिंग असतं.

तर आता आधी एक्सएमपी बघा, मग दोन फेऱ्यांचा रन करा, मग `GPU Busy`. सुळक्यांवर कार्ड रिकामं दिसलं आणि दुसऱ्या फेरीतही ते गेले नाहीत तर आहे तशीच दुसरी स्टिक टाका, शक्यतो त्याच मॉडेलची, आणि मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या स्लॉटमध्ये, चुकीच्या स्लॉटमध्ये टाकली तर सिंगल चॅनेलच राहील. आधी आणि नंतर प्रत्येकी तीन रन घ्या, रस्ता तोच, गेममधली वेळ आणि हवामान तेच, दोन्हीकडे टूल तेच आणि लो काढायची पद्धत तीच, आणि प्रत्येक वेळी पहिला रन टाकून द्या. ३८ चे ४० झाले तर काहीच झालं नाही असं समजा. पन्नाशीच्या पुढे गेला तर ॲव्हरेज ११६ च दिसला तरी गाडी वळवताना फरक तुम्हाला स्वतःला कळेल. ग्राफ काढलात तर दोन्ही फेऱ्यांचे इथे टाका, मी बघतो.